आर. पटेल आणि दोन शोधनिबंध

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. आमच्या शाळेतून दहावी झाला, मग डिप्लोमा, नंतर डिग्री. आडनाव पटेल. मराठवाड्यात मुसलमान पटेल गावोगाव आहेत, त्यात नवल काही नाही. पण तो ज्या कामासाठी आला होता, ते याच आडनावाशी निगडित होतं.

"सर, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "बायोडाटावर पूर्ण नाव न लिहिता नुसतं आर. पटेल लिहिलं तर?"

मी गप्प राहिलो. त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं होतं. आर. पटेल वाचणारा माणूस गुजराती हिंदू समजणार. खोटं तर काही नाही, फक्त अर्धं झाकलेलं.

"कुणी सांगितलं असं कर म्हणून?"

त्याने मोबाईल पुढे केला. त्याच्या मामेभावाने एका शोधनिबंधाची बातमी पाठवली होती: मुसलमान नावाच्या अर्जाला मुलाखतीचं बोलावणं येण्याचं प्रमाण सवर्ण हिंदू नावाच्या एक तृतीयांश. त्याच्या वर्गमित्राने उलट दुसऱ्या निबंधाचा सारांश पाठवला होता: मुसलमान अर्जदारांशी भेदभाव होत असल्याचा पुरावा सापडला नाही. दोन्ही निबंध नामांकित नियतकालिकांत छापलेले, आणि दोन्हींत खोटे बायोडाटा पाठवून तपासलेलं. "यातलं खरं कोणतं, सर?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. अर्थशास्त्र माझा विषय नाही. पण बी.एड.ला आम्हाला कृतिसंशोधन करावं लागलं होतं, आणि त्या वेळची एक लाज अजून मनात आहे. चाळीस मुलांचं शुद्धलेखन घेतलं, महिनाभर सराव करून घेतला, पुन्हा घेतलं, चुका कमी झाल्या. फाईलमध्ये 'प्रायोगिक पद्धती' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. सराव न दिलेला दुसरा वर्ग तुलनेला घेतलाच नव्हता. महिनाभरात मुलं एरवीही थोडी सुधारली असती, हा प्रश्न मला पडला नाही आणि तपासणाऱ्यांनाही पडला नाही. तेव्हापासून कुणाचंही संशोधन हातात आलं की मी निष्कर्ष नंतर वाचतो. आधी 'संशोधन पद्धती' हा भाग काढतो. कुणी काय केलं आणि तसंच का केलं, हे तिथे कळतं. निष्कर्षात फक्त त्यांना काय वाटलं ते असतं.

म्हणून त्या मुलाला म्हटलं, "बस. दोन्हींचा तो भाग काढू."

पहिला निबंध सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या ऑक्टोबर २००७ च्या अंकात आला. थोरात तर आपल्याच शहरात शिकलेले, नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. दुसरा निबंध अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लैनाथन या चौघांचा. तो 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह इकॉनॉमिक्स'मध्ये २००९ साली आला. बॅनर्जींना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मुलगा लगेच म्हणाला, "मग नोबेलवाल्यांचंच खरं असेल ना?" मी म्हटलं, पद्धती वाचताना लेखकाचं नाव झाकून ठेवायचं. नाव बघून निवड करू नये, हीच तर तुझी तक्रार आहे.

पहिला प्रश्न असा घ्यायचा: ही पद्धत का निवडली? खोटे अर्ज पाठवण्याची गरजच काय होती? सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरात आला. नोकऱ्यांत मुसलमान किती कमी आहेत ते त्याने आकड्यांनिशी दाखवलं. पण त्या आकड्यांसमोर कुणीही म्हणू शकतो की मुसलमान शिकलेलेच कमी, मग नोकरीत कमी असणारच. खऱ्या माणसांची तुलना केली की शिक्षण, गाव, इंग्रजी, ओळखीपाळखी सगळंच वेगळं निघतं. नावाचा परिणाम त्या गुंत्यातून वेगळा काढता येत नाही. म्हणून संशोधक कागदावर अशी माणसं उभी करतात की ज्यांचं शिक्षण आणि अनुभव सारख्याच तोलाचा आहे, फरक फक्त नावात. मग उत्तरात फरक आला तर त्याचं दुसरं कारण सांगणं अवघड होतं. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी हाच प्रयोग आधी अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या नावांवर केला होता. तो २००४ मध्ये छापला गेला.

आता थोरात-अटवेल यांनी नेमकं काय केलं ते पाहू. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती गोळा केल्या. फक्त खासगी क्षेत्र घेतलं, सरकारी जागा वगळल्या. फार विशेष कौशल्य मागणाऱ्या जागाही सोडल्या. पदवी होऊन थोडीच वर्षं झालेला तरुण जिथे अर्ज करेल अशाच जागा ठेवल्या: विक्री, हिशेब, औषध कंपन्या, बँकिंग, संगणक सेवा वगैरे. प्रत्येक जाहिरातीला किमान तीन अर्ज गेले. एकावर सवर्ण हिंदू आडनाव, एकावर दलित आडनाव, एकावर मुसलमान नाव. जात किंवा धर्म कुठेही लिहिलेला नव्हता, जे कळायचं ते नावावरूनच. एकूण ५४८ जाहिराती आणि ४,८०८ अर्ज.

आम्ही भागाकार केला. एका जाहिरातीमागे जवळपास नऊ अर्ज पडतात. मुलगा म्हणाला, "पण तीन म्हणाले ना?" बरोबर पकडलं. किमान तीन. शिवाय त्यांनी आणखी एक प्रकारचा अर्ज पाठवला होता, आणि मला त्या निबंधातली सगळ्यात हुशारीची गोष्ट तीच वाटते. काही ठिकाणी सवर्ण नावाचा पण जागेसाठी शिक्षण कमी पडणारा अर्ज, तर काही ठिकाणी दलित नावाचा पण मागितल्यापेक्षा जास्त शिकलेला अर्ज. का? त्यांना फक्त 'भेदभाव आहे का' एवढंच विचारायचं नव्हतं. 'जास्त शिकल्याने जातीचा तोटा भरून निघतो का' हेही विचारायचं होतं.

इथे त्या मुलाचा चेहरा उजळला. "म्हणजे मी एमबीए केलं तर भरून निघेल?"

"पुन्हा वाच," मी म्हटलं. जास्त शिकलेला अर्ज दलित नावाने गेला होता. जास्त शिकलेला मुसलमान त्या रचनेत नव्हता. म्हणजे तू जो प्रश्न विचारतोस, तो त्यांनी विचारलेलाच नाही. जे विचारलं नाही त्याचं उत्तर निष्कर्षात शोधायचं नाही. बातमीत हे कधीच येत नाही, कारण जे केलं गेलं नाही त्याची बातमी होत नाही.

दुसऱ्या निबंधाचं काय? तिथे ३,१६० बायोडाटा, ३७१ जागा. म्हणजे एका जागेमागे साडेआठ. जागेमागच्या अर्जांच्या हिशेबाने दोन्ही प्रयोग जवळपास सारखेच. पण जागा वेगळ्या होत्या. दिल्ली आणि आसपासच्या फक्त दोन प्रकारच्या नोकऱ्या त्यांनी घेतल्या: सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटर. जाहिराती वर्तमानपत्रांतून आणि इंटरनेटवरच्या नोकरीच्या स्थळांवरून घेतल्या. आडनावं बायोडाटांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी नशिबाने लावली.

हे चिठ्ठ्या टाकणं म्हणजे काय आणि त्याची गरज काय, ते मला मुलाला समजवावं लागलं. एकाच साहेबाच्या टेबलावर नऊ अर्ज जाणार असतील तर ते शब्दशः सारखे ठेवता येत नाहीत. पहिल्या दोन कागदांतच त्याला संशय येईल. म्हणून मांडणी, कॉलेज, आधीची नोकरी, छंद असं थोडं थोडं बदलावं लागतं. आता समजा त्यातला एक नमुना जरा जास्त देखणा झाला, आणि दरवेळी सवर्ण नाव त्याच नमुन्यावर पडलं. तर बोलावणं नावामुळे आलं की देखणेपणामुळे, हे कधीच कळणार नाही. म्हणून नावं फिरवावी लागतात किंवा चिठ्ठीने लावावी लागतात, म्हणजे चांगला नमुना कधी शर्माच्या वाट्याला येतो, कधी खानच्या. असा कोणताही निबंध वाचताना मी हीच जागा आधी शोधतो: नाव कागदावर कुणी आणि कसं लावलं? 'अर्ज सारखेच होते' एवढंच लिहिलं असेल तर मन शंकेत राहतं. 'नशिबाने लावले' असं लिहिलं असेल तर एक मोठी शंका मिटते.

मग निष्कर्ष इतके वेगळे का? दुसऱ्या निबंधात सॉफ्टवेअरच्या जागांसाठी दलित, आदिवासी किंवा ओबीसी नावांशी भेदभाव झाल्याचा पुरावा सापडला नाही. कॉल सेंटरमध्ये मात्र सवर्णांच्या तुलनेत ओबीसी नावांना बोलावणं स्पष्टपणे कमी आलं, आणि अनुसूचित जातींच्या नावांनाही थोड्या प्रमाणात कमी. मुसलमान नावांबाबत पुरावा सापडला नाही. म्हणजे एकाच प्रयोगात, एकाच शहरात, नोकरीचा प्रकार बदलला तसं उत्तर बदललं. मग थोरात-अटवेल यांच्या औषधविक्री, हिशेब, बँकिंगच्या यादीचं उत्तर आणखी वेगळं आलं तर त्यात परस्परविरोध कुठे आहे? एकाने एका मोहल्ल्याचं पाणी तपासलं, दुसऱ्याने दुसऱ्या. चूक त्या वाचकाची, जो दोन्हींच्या वर 'भारतातलं पाणी' अशी चिठ्ठी लावतो. सॉफ्टवेअरमध्ये काम येणारा माणूस हवा होता आणि त्याची चाचणी घेता येत होती; विक्रीत ग्राहकासमोर उभा राहणारा हवा होता. हा माझा अंदाज आहे, दोन्ही निबंधांनी तो सिद्ध केलेला नाही. पण अंदाज बांधायला जागा कुठे आहे, हे पद्धतीच्या भागातूनच कळलं.

दुसरी गोष्ट 'पुरावा सापडला नाही' या तीन शब्दांची. माझ्या वर्गमित्राने याचा अर्थ 'भेदभाव नाही' असा घेतला, असं मुलगा म्हणाला. घरात किल्ली शोधली, सापडली नाही, याचे दोन अर्थ होतात. सगळे कोपरे बघून सापडली नाही, तर बहुधा ती घरात नाही. एकाच खोलीत अंधारात चाचपडलो असू, तर काहीच सांगता येत नाही. किती शोधलं ते अर्जांच्या संख्येवरून कळतं, पण एकूण ३,१६० वरून नाही. त्यातले मुसलमान नावाचे किती, आणि फरकाच्या आकड्याशेजारी दिलेली चूक-मर्यादा किती रुंद, यावरून कळतं. मर्यादा शून्यापासून मोठ्या तोट्यापर्यंत पसरलेली असेल तर निबंध फक्त 'सांगता येत नाही' म्हणतोय. शिवाय एकाच साहेबाकडे गेलेले नऊ अर्ज म्हणजे नऊ वेगळ्या साक्षी नाहीत. ज्या कंपनीने कुणालाच बोलावलं नाही, किंवा सगळ्यांनाच बोलावलं, तिच्याकडून नावाबद्दल काहीच कळत नाही. खरी माहिती ज्यांनी काहींना बोलावलं आणि काहींना नाही त्यांच्याकडूनच येते, आणि त्या कंपन्या मोजक्याच असतात.

आता त्या 'एक तृतीयांश'कडे येतो, कारण मामेभावाने तो आकडा सगळ्या घरात फिरवला होता. निबंधात तो ऑड्सचा आकडा आहे. ऑड्स म्हणजे बोलावणं आलं त्यांची संख्या भागिले न आलेल्यांची संख्या. टक्केवारी वेगळी, हे वेगळं. मी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलं, आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा सवर्ण नावाच्या १०० अर्जांपैकी १० ना बोलावणं आलं. ऑड्स झाले १० भागिले ९०, म्हणजे नऊला एक. त्याचा एक तृतीयांश म्हणजे सत्तावीसला एक. म्हणजे २८ अर्जांमागे एक बोलावणं, १०० मागे साडेतीनच्या थोडं वर. दहा आणि साडेतीन, म्हणजे टक्केवारीतही जवळपास तिसरा हिस्साच. पण समजा १०० पैकी ५० ना बोलावणं येत असतं, तर ऑड्स एकास एक. त्याचा तिसरा हिस्सा तीनला एक, म्हणजे चारांत एक, १०० मागे २५. तेव्हा तोच 'एक तृतीयांश' टक्केवारीत निम्मा झाला असता. म्हणून हा आकडा एकटा उचलून फिरवायचा नाही, मूळ बोलावण्याचं प्रमाण किती होतं ते सोबत घ्यायचं. याच निबंधात दलित नावाचे ऑड्स सवर्णांच्या सुमारे दोन तृतीयांश आले. मुसलमान नावाला त्याहूनही कमी, हे कागदावर बघून तो मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही.

अम्मीने चहा पाठवला. चहा पिता पिता तो पुन्हा मूळ मुद्द्यावर आला. "मग आर. पटेल?"

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ मला याच प्रश्नावर लागला, आणि उत्तर पुन्हा पद्धतीच्या भागातच होतं. असा प्रयोग करणाऱ्याला नाव असं निवडावं लागतं की वाचणाऱ्याला धर्म किंवा जात एका नजरेत कळेल. नाव धूसर असेल तर साहेबाने काय समजून अर्ज बाजूला ठेवला हे कळणार नाही, आणि प्रयोगच वाया जाईल. पण आपल्या भागात माणसं अशी स्वच्छ डब्यांत बसत नाहीत. इथे मुसलमान पटेल आहेत, देशमुख आहेत, पाटील आहेत. कुणाचं नाव शेख अमुक शेख तमुक असं लिहिलं जातं, तर कुणी वडिलांचं नावच आडनाव म्हणून लावतो आणि ऑनलाईन फॉर्मच्या रकान्यात काय भरायचं यावर अडतो. प्रयोगात सोपेपणासाठी जे बाजूला ठेवावं लागतं, तेच या मुलाचं रोजचं आयुष्य आहे. आर. पटेलला किती बोलावणी येतील, हे या दोन निबंधांच्या आधारे सांगता येत नाही.

आणखी एक. दोन्ही प्रयोगांनी जे मोजलं ते पहिलं बोलावणं. फोन, पत्र किंवा ईमेल आला की नोंद झाली, गोष्ट तिथेच संपली. कागदावरचा माणूस मुलाखतीला जाऊ शकत नाही. म्हणजे दाराआड काय होतं ते या पद्धतीला दिसतच नाही. आर. पटेल मुलाखतीला गेला, आधार कार्ड पुढे केलं, पूर्ण नाव वाचलं गेलं, त्यानंतर साहेबाच्या मनात काय आलं? कदाचित नाव लपवल्याचा राग जास्त येईल. कदाचित समोर बसलेला मुलगा हुशार आहे हे बघून काहीच वाटणार नाही. खोट्या बायोडाट्यांनी हे मोजता येत नाही.

त्याने मोबाईल बंद केला आणि म्हणाला, "म्हणजे सर, दोन्ही निबंधांत वाळूज नाहीच."

नाही. वाळूज नाही, शेंद्रा नाही, ठेकेदार नाही, 'माझा पुतण्या आहे, बघा जरा' हे नाही. जाहिरातीच न निघणाऱ्या जागा दोन्ही प्रयोगांच्या बाहेर आहेत, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक पोरांना नोकऱ्या तशाच लागतात. याचा अर्थ ते निबंध निरुपयोगी आहेत असा नाही. पहिल्या निबंधाने एक गोष्ट पक्की केली: सारख्याच तोलाच्या अर्जांत, त्या काळच्या त्या जागांसाठी, नावाची किंमत मोजावी लागली. 'तुम्ही शिकतच नाही' हे म्हणणं त्यानंतर पूर्वीइतक्या सहज म्हणता येत नाही. दुसऱ्याने हे दाखवलं की ही किंमत सगळीकडे सारखी नसते. दोन्ही मला हवे आहेत.

जाताना त्याने माझा तो पाठकोरा कागद मागून घेतला. मागे त्याने स्वतःच रकाने आखले होते: कुठे अर्ज केला, कोणत्या तारखेला, कोणत्या नावाने, उत्तर आलं का. निम्मे अर्ज पूर्ण नावाने आणि निम्मे आर. पटेल या नावाने करणार होता. मी म्हटलं, कोणत्या कंपनीला कोणतं नाव, हे तू मनाने ठरवू नकोस. जिथे भीती वाटते तिथे तू अर्धं नाव टाकशील, आणि मग सगळा हिशेब बिघडेल. नाणं उडव.

तो हसला. "आणि सर, किती अर्ज करावे लागतील कळायला?"

"शेकडो," मी म्हणालो. "तोपर्यंत तुला नोकरी लागलेली असेल."

"इन्शाअल्लाह," तो म्हणाला, आणि जिना उतरला. मगरिबची अजान सुरू झाली होती.